सहा वाजता गाडी दारात उभी असताना आठवेल असं व्हिजन

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांतल्या बऱ्याच कारखान्यांत मालकाच्या खुर्चीमागे एक चौकट लावलेली असते. तिच्यातला मजकूर थोड्याफार फरकानं असा: "अत्याधुनिक तंत्रज्ञान व उत्कृष्ट गुणवत्तेच्या बळावर ग्राहकांचे संपूर्ण समाधान साधत अचूक अभियांत्रिकीच्या क्षेत्रात जागतिक दर्जाचे अग्रगण्य पुरवठादार बनणे." हे वाक्य सहसा टीमनं लिहिलेलं नसतं. आयएसओच्या सर्टिफिकेटच्या वेळी सल्लागारानं आणलेल्या फायलीत ते तयारच असतं. आयएसओ 9001 मध्ये गुणवत्ता धोरणाबद्दल अट आहे, की ते कामाच्या जागी पोचलं पाहिजे, लोकांना समजलं पाहिजे आणि वापरात आलं पाहिजे. त्यामुळे ऑडिटच्या आठवड्यात धोरण आणि व्हिजन दोन्ही छापलेलं कार्ड ऑपरेटरच्या खिशात जातं आणि ऑडिटर गेला की ड्रॉवरमध्ये पडतं.

यात ऑपरेटरचा दोष नाही. ते वाक्य पाठ करूनही त्याला काही करता येत नाही. संध्याकाळी सहाला ट्रान्सपोर्टची गाडी दारात उभी आहे, चाळीस पीस द्यायचे आहेत, त्यातल्या बारांची सफाई राहिली आहे. "जागतिक दर्जाचे अग्रगण्य" यातून त्या बारांचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून तो मिस्त्रीला विचारतो, मिस्त्री मालकाला फोन लावतो, मालक त्या दिवशी ज्या मूडमध्ये असेल तसं उत्तर मिळतं.

टीमच्या व्हिजनकडून माझी अपेक्षा एवढीच आहे, की हा फोन लावावा लागू नये. विचारायला कोणी नसताना दोन वेगवेगळी माणसं एकाच निर्णयाला आली, तर वाक्य कामाचं. बाकी सगळा कागद. ते कसं लिहायचं, हे एकाच शॉपच्या उदाहरणातून सांगतो. शॉप मी रचलेलं आहे, पण त्यातली भांडणं उद्यमबागेत कुठेही ऐकू येतील अशीच आहेत.

चौदा माणसांचं मशीनिंग शॉप धरू. शेजारच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, इथे त्यातून हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी तयार होते आणि रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाते. बॉडीच्या मधोमध एक लांब बोअर असतो. त्यात पुण्याचा फिटर स्पूल नावाचा दांडा बसवतो. तो मागेपुढे सरकतो आणि तेल कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवतो. स्पूल आणि बोअर यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच असते. आडवी भोकं जिथे बोअरला येऊन मिळतात, तिथे धातूची बारीक कड उभी राहते. तिला सगळे बर म्हणतात. ती हातानं, ब्रशनं, छोट्या कटरनं काढावी लागते. राहिली तर आज ना उद्या सुटते, तेलात फिरते आणि स्पूल अडकवते. काम कंटाळवाणं आहे, बाहेरून दिसत नाही आणि नेमकं डिस्पॅचच्या तोंडावर येतं.

आधी भांडणं गोळा करा

व्हिजन लिहायचं म्हटलं की लोक हॉटेलात बैठक ठेवतात आणि फळ्यावर शब्द लिहायला लागतात: गुणवत्ता, विश्वास, नावीन्य, टीमवर्क. तिथेच वाट चुकते. या शब्दांशी कुणाचंच वाकडं नसतं, त्यामुळे बैठक छान होते आणि हाती काही लागत नाही.

त्याऐवजी एक साधी वही डिस्पॅचच्या टेबलावर ठेवा आणि दोन आठवडे त्यात फक्त अडलेले प्रसंग लिहा. कुणाला "असं करू की तसं" असा प्रश्न पडला, दोन्ही बाजूंना थोडंफार बरोबर होतं, शेवटी कुणी काय ठरवलं. प्रसंगाला दोन ओळी पुरतात. नाव लिहायची सक्ती नको, नाहीतर वही कोरी राहील. मालकानंही स्वतःचे प्रसंग लिहावेत. एरवी लोकांना ती हजेरीची वही वाटते.

आपल्या शॉपमध्ये अशी वही भरली, तर बहुतेक नोंदी तीन भांडणांभोवती फिरताना दिसतील. पहिलं भांडण गाडी आणि सफाई यांचं: राहिलेल्या बारा बॉडी तशाच टाकायच्या का? दुसरं कास्टिंगमधल्या सच्छिद्रपणाचं. अर्धं मशीनिंग झाल्यावर बोअरच्या भिंतीत बारीक छिद्रं दिसतात. तोवर दीड तास गेलेला असतो. पुढे न्यायचं की तिथेच बाजूला ठेवायचं? तिसरं ओळखीच्या माणसाच्या तातडीच्या कामाचं. कडोलीचा कुणीतरी ट्रॅक्टरचा भाग घेऊन दारात उभा असतो, "एवढं करून द्या की मालक, नांगरट थांबलीय", आणि मशीनवर पुण्याचं काम चढलेलं असतं.

ही तीन भांडणं म्हणजे तुमच्या वाक्याला सोडवायचा पेपर. पेपर हातात असताना उत्तर लिहिणं सोपं जातं. हॉटेलातल्या फळ्यावर पेपरच नसतो.

मग दृश्य शोधा

आठवणीत काय राहतं, याबद्दल थोडं. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञानं 2001 मध्ये मांडलं, की माणूस एका वेळी साधारण चार गोष्टी मनात धरू शकतो. यातली "गोष्ट" म्हणजे शब्द नव्हे. एखादं ओळखीचं दृश्य कितीही तपशिलाचं असलं, तरी मनात एकच जागा घेतं. "गुणवत्ता, समाधान, नावीन्य, अचूकता, नेतृत्व" हे मात्र पाच सुटे तुकडे आहेत, एकमेकांना न बांधलेले. म्हणून ते गळतात.

अँड्र्यू कार्टन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. खेळणी बनवण्याचं काम दिलेल्या टीमना वेगवेगळ्या धाटणीची व्हिजन सांगण्यात आली. एका धाटणीत डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्र होतं, डोळे विस्फारून हसणारी मुलं, कौतुकानं बघणारे आईबाप. दुसरीत तेच गोल शब्दांत होतं, की ग्राहकांना खेळणी आवडतील. चित्र स्पष्ट आणि सोबतची मूल्यं मोजकी, अशा टीमचं काम सरस ठरलं. कारण समजायला अवघड नाही. चित्र सगळ्यांना सारखंच दिसतं. "उत्कृष्टता" म्हटलं की चौदा डोक्यांत चौदा वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपण सगळे एकच बोलतोय.

तर आपल्या शॉपमध्ये प्रत्येकाला एकेकटं गाठून एकच प्रश्न विचारायचा: "आपलं काम एकदम बरोबर झालं, तर ते कुठे दिसेल? तिथे कोण असेल आणि तो काय करत असेल?" एकेकटं यासाठी, की बैठकीत मालक आधी बोलतो आणि मग बाकीचे माना डोलावतात. वयानं मोठ्या मिस्त्रीमामांसमोर नवा पोरगा वेगळं काही बोलणार नाही, हेही आपल्याकडचं खरं आहे.

उत्तरं कशी येतात? मालक म्हणेल, "दहा कोटींचा टर्नओव्हर, नवीन शेड." हे त्याचं स्वप्न आहे आणि त्यात वाईट काही नाही, पण हातात बॉडी धरलेल्या माणसाला दहा कोटींकडे बघून काही ठरवता येत नाही. क्वालिटीचा मुलगा म्हणेल, "रिजेक्शन झिरो." हे चित्र नाही, आकडा आहे. बर काढणाऱ्या अक्का कदाचित म्हणतील, "पुण्यात तो फिटर पेटी उघडतो, बॉडी हातात घेतो आणि तोंड वाकडं करून ब्रश शोधायला उठतो. तो उठायला नको बघा."

सोनं अक्कांच्या उत्तरात आहे. त्यात जागा आहे, माणूस आहे, त्याच्या हातातली वस्तू आहे आणि बरोबर-चूक डोळ्यांना दिसेल अशी एक खूण आहे. आणखी एक गोष्ट, जी नजरेतून सुटते: त्या दृश्यात आपण नाही. आपलं काम वापरणारा माणूस आहे. "आम्ही अग्रगण्य बनू" या छापाच्या वाक्यात फोटो आपलाच असतो, त्यामुळे रोजच्या निर्णयाला लागणारा समोरचा माणूस त्यात सापडत नाही.

तीन मसुदे

पहिला मसुदा बहुधा असाच निघेल: "पुण्याच्या ग्राहकाला शून्य दोषाची बॉडी, वेळेवर." छोटा आहे, पाठही होईल. पण वही उघडून पहिल्या भांडणावर लावून बघा. शून्य दोष म्हणतो बारा बॉडी ठेवा, वेळेवर म्हणतो गाडीत टाका. म्हणजे भांडण जसंच्या तसं वाक्यात उतरलं. दोन चांगल्या गोष्टी शेजारी ठेवणं आणि त्यांतली आधी कुठली ते सांगणं, यात फार अंतर आहे. माझ्या मते बहुतेक व्हिजन इथेच पडतात. लिहिणाऱ्यांना काहीच सोडायचं नसतं.

क्रम लावण्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा क्रेडो रॉबर्ट वूड जॉन्सन यांनी 1943 मध्ये लिहिला. त्यात आधी डॉक्टर, नर्स, रुग्ण, मग कर्मचारी, मग समाज आणि सगळ्यात शेवटी भागधारक, असा जबाबदाऱ्यांचा क्रम आहे. मजकूर पानभर आहे, तो कुणाला शब्दशः आठवणं कठीण. पण क्रम आठवतो. 1982 मध्ये शिकागो भागात कुणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि सात माणसं दगावली, तेव्हा कंपनीनं देशभरातल्या सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत बोलावल्या. भागधारक शेवटी, हे आधीच लिहिलेलं होतं. पुढे त्याच कंपनीवर टाल्कम पावडरवरून हजारो खटले झाले, तेव्हा लिहिलेला क्रम म्हणजे जन्माचा विमा, असं मी म्हणणार नाही. पण अडचणीच्या दिवशी वाद कुठून सुरू होणार, हे क्रमामुळे ठरतं.

दुसरा मसुदा: "फिटरनं पेटी उघडली की स्पूल आत सरकला पाहिजे. कमी गेल्या तर चालतील, ब्रश लागणारी नको." इथे दोन भाग झाले. पहिलं दृश्य, दुसरा क्रम. दुसऱ्या भागात काय सोडणार ते उघड सांगितलंय: संख्या. बारा बॉडींचं उत्तर आता मिळतं. अठ्ठावीस जातील, बारा राहतील.

क्रम खरा आहे का, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. वाक्य उलटं करा आणि विचारा, हे उलटं वाक्य कुठलं तरी शहाणं शॉप आनंदानं लावेल का? "उत्कृष्ट गुणवत्ता" उलटली तर "भिकार गुणवत्ता" होते, ती कुणीच लावणार नाही. म्हणजे मूळ वाक्यानं काही निवडलेलंच नव्हतं. आपलं वाक्य उलटून बघू: "थोडं खडबडीत चालेल, पण आज पाहिजे." असं शॉप आहे का? बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने कितीतरी आहेत. गळीत हंगामात गिरणीचा एखादा भाग तुटला, की उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर येते आणि तोडलेल्या उसाचं वजन नि साखर दोन्ही उतरायला लागतात. हंगामात अशी दुरुस्ती करून देणाऱ्या वर्कशॉपनं "आज रात्री चरक फिरला पाहिजे, फिनिश हंगामानंतर" असं लिहिलं, तर ते अगदी शहाणपणाचं ठरेल. दोन शॉप, एकाच रस्त्यावर, उलट वाक्यं, दोन्ही बरोबर. म्हणूनच दुसऱ्याच्या कारखान्यातलं वाक्य उचलून आणता येत नाही.

आता दुसऱ्या मसुद्याची खरी परीक्षा. वहीतल्या दहा नोंदी निवडा, त्यांचे त्या वेळचे निर्णय झाकून ठेवा. व्हीएमसी मशीनवरचा ऑपरेटर आणि डिस्पॅचचा मुलगा यांना वेगवेगळं बसवा आणि फक्त या वाक्यावरून उत्तरं द्यायला सांगा. मग ताळा बघा. समजा सात उत्तरं जुळली, दोन जुळली नाहीत आणि एकाला दोघांनीही हात टेकले. जुळलेल्या सातांपेक्षा उरलेली तीन जास्त शिकवतात.

न जुळलेली दोन्ही सच्छिद्र कास्टिंगची निघाली. ऑपरेटर म्हणाला, "बर नाहीय, स्पूल सरकतोय, म्हणजे जाऊ दे." डिस्पॅचवाला म्हणाला, "आज सरकेल, पण दाबाखाली पाझरेल, मग बॉडी माघारी येणारच की." वाक्यात ब्रश आला आणि त्यानं नजर बरवरच खिळवली. एकाच दोषाचं नाव घातलं, की बाकीचे दोष नियमाबाहेर गेल्यासारखे वाटतात. दुरुस्ती करताना कुणीतरी सुचवेल, "शंका असलेली नको." ते जास्त पसरट होतं. शंका कशावरही घेता येते, मग रॅक भरून जाईल. डिस्पॅचवाल्याच्या तोंडून आलेला शब्दच घ्यायचा.

तिसरा मसुदा: "फिटरनं पेटी उघडली की स्पूल आत सरकला पाहिजे. कमी गेल्या तर चालतील, परत येणारी नको."

एका दमात म्हणता येतं. बर, छिद्रं, चुकलेली साइज, सगळं "परत येणारी"त बसतं आणि प्रत्येकाला ते स्वतःच्या मशीनवरून ओळखता येतं. दहा नोंदींवर पुन्हा लावा, या वेळी दुसऱ्या दोघांना बसवून.

हात टेकलेली नोंद होती कडोलीच्या ट्रॅक्टरवाल्याची. ती तिसऱ्या मसुद्यानंही सुटत नाही आणि ती तशीच सोडावी असं माझं मत आहे. मशीन कुणाला द्यायचं, हा वेळापत्रकाचा आणि नात्यागोत्याचा प्रश्न आहे, तो मालकानं सोडवावा. त्याच्यासाठी वाक्यात तिसरा भाग जोडला, तर सुटी मागणाऱ्यासाठी चौथा लागेल, ओव्हरटाइमसाठी पाचवा, आणि आपण परत चौकटीतल्या मजकुराकडे पोचू.

काय सोडायचं ते ठरवलं की वाक्य किती दूर नेतं, याचं आपल्या देशातलं उदाहरण मदुराईचं आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. ध्येय ठेवलं ते टाळता येण्याजोगं अंधत्व संपवण्याचं. सगळं अंधत्व नव्हे. टाळता येण्याजोगं म्हणजे मुख्यतः मोतीबिंदू, कारण तो शस्त्रक्रियेनं बरा होतो. मग पुढचे निर्णय ओळीनं लागत जातात. रुग्ण गावात आहे, म्हणून गावोगाव शिबिरं. शस्त्रक्रिया हजारोंनी व्हायला हव्यात, म्हणून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे डॉक्टर लगेच वळू शकेल अशी रचना. पैसे देणाऱ्यांच्या फीमधून न देऊ शकणाऱ्यांचं काम. परदेशी भिंग महाग, म्हणून 1992 मध्ये स्वतःचं ऑरोलॅब काढून भिंगं स्वस्तात बनवायला सुरुवात. ही शिबिरं न् भिंगं ध्येयवाक्यात लिहिलेली नाहीत, तरी त्यातूनच निघाली.

भाषेचा व्यवहार

आपल्या भागात एका शॉपमध्ये मराठी, कन्नड आणि उत्तरेकडून आलेल्या पोरांची हिंदी एकत्र नांदते. वाक्य मराठीत पक्कं करून मग कुणाकडून तरी करून घेतलेली कन्नड पाटी खाली लावायची, ही पद्धत मला पटत नाही. पाटी बरोबर असते, पण तशी कुणी बोलत नाही. त्यापेक्षा मसुदा करतानाच तिघांना बसवा, दृश्य सांगा आणि प्रत्येकाला आपल्या बोलीत ते परत सांगायला लावा. फिटर, पेटी, स्पूल, परत येणं, एवढं तिन्हीकडे आलं की काम झालं. शब्द जुळायची गरज नाही. भिंतीवर लावायचंच असेल तर तिघांनी म्हटलेलं तसंच लावा.

आठवतंय का, हे तपासणं

वाक्य ठरल्यावर ते कुठेही न लावता दोन आठवडे जाऊ द्या. फक्त पाळी बदलताना आणि डिस्पॅचच्या वेळी त्याचा उल्लेख करा, तोही कारण असेल तेव्हा. मग न सांगता एकेकाला विचारा. दोन प्रश्न पुरे: आपलं वाक्य काय? आणि गेल्या काही दिवसांत ते कशाला उपयोगी पडलं?

पहिल्या प्रश्नात शब्दांना मार्क देऊ नका. कुणी म्हणालं, "कमी चालतील, माघारी नको," तर पूर्ण मार्क. उलट हीच ओळ जास्त लोकांच्या तोंडी बसलेली दिसली, तर तीच अधिकृत करा. शॉपनं घासून दिलेलं वाक्य मालकाच्या वाक्यापेक्षा टिकाऊ असतं. कुणी "क्वालिटी फर्स्ट" म्हणालं, तर समजा की वाक्य पोचलं नाही, जुन्या कार्डातलं काहीतरी वर आलं. कुणाला दृश्य आठवतं आणि क्रम आठवत नाही, असंही होतं. मग बहुधा क्रम लागू करायची वेळ त्याच्यावर आलेली नसते, किंवा आली तेव्हा उलटं घडलेलं त्यानं पाहिलेलं असतं.

दुसरा प्रश्न जास्त कडक आहे. चौदांपैकी कुणालाच प्रसंग आठवत नसेल, तर वाक्य पाठ आहे आणि निरुपयोगी आहे. मंत्र पुष्कळांना पाठ असतात.

वाक्याला पैसे मोजायची वेळ

इथे सगळं तुटतं किंवा जुळतं. पहिल्यांदा बारा बॉडी मागे ठेवायची वेळ येते, तेव्हा शॉपमधले सगळे मालकाकडे बघतात. अठ्ठावीस पाठवल्या म्हणजे गाडीभाड्याचा दर पीसमागे वाढला, पुण्याहून फोन येणार, बिल थोडं उशिरा निघणार. मालक म्हणाला, "एवढ्या वेळी टाक, पुढच्या वेळेपासून बघू," तर वाक्य त्या संध्याकाळीच गेलं. नंतर कितीही फ्लेक्स लावले तरी ते परत येत नाही.

म्हणून दोन व्यवस्था आधीच लावून ठेवाव्या लागतात. पहिली अधिकाराची. पेटी खाली उतरवायची मुभा अक्कांनाही असली पाहिजे, आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागता कामा नये. ज्याला वाक्य माहीत आहे पण थांबवायचा हक्क नाही, त्याला ते नुसता त्रास देतं. दुसरी, पुण्याला आधी कळवायची. कमी जाणार असतील तर दुपारी चारच्या आत फोन. कमी पाठवणं समोरच्याला चालतं, पण पेटी मोजल्यावर ते कळलेलं चालत नाही. शिवाय "कमी गेल्या तर चालतील" हे ग्राहकाकडे साठा असेल तरच खरं असतं. त्याची लाइन तुमच्या रोजच्या गाडीवर चालत असेल, तर कमी माल म्हणजे त्याची लाइन बंद. तेव्हा वाक्य पक्कं करायच्या आधी त्यालाच एकदा विचारून घ्यावं. आपण परस्पर त्याच्या वतीनं क्रम लावला, असं व्हायला नको.

चालू झाल्यावर वाक्याची तब्येत राखून ठेवलेल्या मालाच्या रॅकवर दिसते. रॅक सतत भरत चाललाय आणि तपासल्यावर त्यातल्या बहुतेक बॉडी ठीक निघतायत, तर लोक वाक्याची ढाल करतायत. निर्णय टाळायचा, रॅकवर ठेवायचं. अशा वेळी वाक्य बदलू नका, मोजमाप सुधारा. अक्कांना बोअरमध्ये बघायला बोअरस्कोप नसेल, तर त्या शंकेवरच चालणार. उलट रॅक कायम रिकामा आणि पुण्याहून बॉडी मात्र परत येतायत, तर वाक्य मेलेलं आहे, फक्त कुणी सांगत नाहीय. रॅकवर चारदोन पीस आहेत, ते आठवड्यात हलतात आणि ते कुणी, का ठेवले हे त्याला सांगता येतंय, असं चित्र असेल तर चाललंय.

काही गोष्टी या वाक्याच्या कक्षेत आणूच नयेत. मशीनचं गार्ड काढून काम करायचं का, हा क्रमाचा प्रश्न नाही, तिथे निवडच नाही. ड्रॉइंगमधली टॉलरन्स वाक्यावरून सैल होत नाही. पगार, बोनस, सुटी यांच्या बोलण्यात "परत येणारी नको" घुसवलं, तर लोक ते वाक्य मालकाच्या बाजूचं धरतात आणि डिस्पॅचच्या टेबलावरही त्याच्याकडे पाठ फिरवतात.

वाक्य कधी बदलायचं, तेही वहीच सांगते. वर्षातून एकदा दोन आठवडे ती पुन्हा टेबलावर ठेवा. भांडणं तीच असतील तर वाक्याला हात लावायचा नाही, नवीन मॅनेजर आला म्हणूनही नाही. पण समजा शॉपनं उद्या स्पूलही इथेच बसवायला घेतला आणि पूर्ण व्हॉल्व्ह पाठवायला लागलं. मग पेटी उघडणारा फिटर शॉपमध्येच आला, पुण्यात पेटी उघडणारा माणूस आता कुठल्या तरी मशीनवर अख्खा व्हॉल्व्ह लावतोय, आणि वहीत बर न् ब्रशच्या जागी सील, टेस्ट बेंच आणि पाझर यांच्या नोंदी यायला लागतील. तेव्हा दृश्य नव्यानं विचारायचं, परत एकेकट्याला गाठून, आणि सुरुवात अक्कांपासून करायला हरकत नाही.